रिपोर्ट वाचण्याआधी तापाचा दिवस मोजा

«माझे मिस्टर ३६ वर्षांचे. रविवारी संध्याकाळी डवरणी करून आले ते थंडी वाजतच. सोमवारी गावाजवळच्या लॅबमध्ये डेंग्यूचं कार्ड निगेटिव्ह आलं, पेशी १ लाख ७८ हजार. गुरुवारी तालुक्याच्या लॅबने पॉझिटिव्ह सांगितलं, पेशी ६४ हजार. शुक्रवारी पहाटे ताप उतरला. आम्ही सुटलो म्हणालो, तर दुपारी पोट दुखून उलट्या सुरू झाल्या आणि सरकारी दवाखान्यात भरती करावं लागलं. शनिवारी पेशी ३१ हजार. दीर नागपूरला चला म्हणत होते, प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी पैसेही त्यांनी उभे केले होते. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. पिशवी चढवली नाहीच, उलट रविवारी सलाईनही काढली. मी डॉक्टरांचं ऐकलं. मिस्टर आता बरे आहेत, पण दीर अजून बोलतात की मी त्यांच्या जिवाशी खेळले. कोणती लॅब खोटी होती? आणि मी चुकले का? गल्लीत आता आणखी दोघं तापानं पडले आहेत, सगळे मलाच विचारतात. रिपोर्टांचे आणि केसपेपरचे फोटो पाठवते.»
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

ताई,

फोटो स्पष्ट आले आहेत. त्यांच्या प्रिंट काढून मी टेबलावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा टाकला. रविवार तापाचा पहिला दिवस धरला, तर सोमवारच्या कागदावर २, गुरुवारच्या ५, शुक्रवारच्या ६, शनिवारच्या ७, त्यानंतरच्या रविवारच्या ८ आणि सुट्टी मिळाली त्या सोमवारच्या कागदावर ९. लॅबच्या फॉर्मवर «ताप किती दिवसांपासून» असा एक रकाना असतो. तुमच्या दोन्ही लॅबच्या फॉर्मवर तो रिकामा आहे. मी स्वतः तालुक्याच्या गावी बरीच वर्षं लॅब चालवली आहे, त्यामुळे तो किती वेळा रिकामा राहतो हे मला ठाऊक आहे. गर्दी असते, रुग्ण कण्हत असतो, कोण विचारत बसणार! पण तो आकडा नसला की बाकीचे सगळे आकडे एकमेकांशी भांडायला लागतात. तुमच्या घरात नेमकं तेच झालंय.

आधी कार्डाचं पाहू. डेंग्यूचं कार्ड एकच दिसत असलं तरी त्यात दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी शोधतात. एक पट्टी एनएस-१ची. एनएस-१ हे विषाणूचंच एक प्रथिन आहे, ताप चढतो त्या दिवसापासून ते रक्तात सापडू शकतं आणि पाचव्या दिवसानंतर कमी होत जातं. दुसरी पट्टी आयजीएम आणि आयजीजीची, म्हणजे आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची. आयजीएम तयार व्हायला वेळ लागतो, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आधी ते दिसत नाही. मग सोमवारी, तापाच्या दुसऱ्या दिवशी, आयजीएमची रेघ उमटली नाही यात नवल काहीच नाही. ती उमटायची वेळच आली नव्हती.

एनएस-१ मात्र सोमवारी दिसायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण रॅपिड कार्डातून काही रुग्ण सुटतात, आणि ज्यांना आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलाय त्यांच्यात जास्त सुटतात. त्यांच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं असतात, ती नव्याने आलेल्या एनएस-१ला चिकटून बसतात आणि पट्टीला ते सापडत नाही. मिस्टरांना आधी डेंग्यू झाला असेल का? गुरुवारच्या कार्डाच्या फोटोत एनएस-१च्या पट्टीवर फक्त कंट्रोलची रेघ आहे, म्हणजे एनएस-१ सापडलं नाही. दुसऱ्या पट्टीवर ‘जी’ची रेघ चांगली गडद आणि ‘एम’ची फिकट. पाचव्याच दिवशी आयजीजी इतकं ठळक असेल, तर हा डेंग्यू आयुष्यातला दुसरा असण्याची शक्यता मोठी. पहिल्या वेळी आयजीजी उशिरा आणि हळूहळू वर येतं. दुसऱ्या वेळी शरीराला ओळख असते, म्हणून ते लवकर उसळतं. मागे कधीतरी पावसाळ्यात अख्ख्या गावाला ताप आला होता का, आठवून पाहा. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध मिळालेलं संरक्षण दुसऱ्या प्रकाराला फार दिवस अडवत नाही, आणि वेगळ्या प्रकाराचा दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा जास्त त्रासाचा ठरू शकतो.

म्हणजे दोन्ही लॅबनी जे दिसलं ते लिहिलं. एकीने दुसऱ्या दिवशी पाहिलं, दुसरीने पाचव्या. चूक झाली ती सोमवारी त्या कागदावरून «डेंग्यू नाही» असं कोणीतरी ठरवलं तिथे. «आज कार्डावर दिसला नाही» एवढाच त्या कागदाचा अर्थ होता.

फिकट रेघेचं एक सांगते, कारण गल्लीतले लोक तुम्हाला हे विचारणारच. किटवर दिलेल्या वेळेत, बहुधा १५ ते २० मिनिटांत, रेघ दिसली तर ती कितीही फिकट असो, रेघच. पण कार्ड टेबलावर तसंच पडून राहिलं आणि तासाभराने त्यावर सावलीसारखं काही उमटलं, तर ते धरायचं नाही. माझ्याकडे आम्ही कार्डाच्या पाठीवर थेंब टाकल्याची वेळ लिहायचो. आणि कार्ड पॉझिटिव्ह आलं तरी सरकारी हिशेबात तो «संभाव्य» डेंग्यूच असतो. खात्री एलायझा नावाच्या तपासणीने होते. ती सरकारी मेडिकल कॉलेजांसारख्या ठरवून दिलेल्या केंद्रांत मोफत होते, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून नमुना तिकडे पाठवता येतो. पण तो रिपोर्ट यायला वेळ लागतो. उपचार त्याची वाट पाहत थांबत नाहीत.

आता पेशी. आपल्याकडे सगळे म्हणतात, «पांढऱ्या पेशी कमी झाल्या.» तुमच्या पत्रासोबतच्या चिठ्ठीवरही दिरांनी तसंच लिहिलंय. पांढऱ्या पेशी वेगळ्या आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट वेगळ्या. तुमच्या पत्रातले पेशींचे आकडे प्लेटलेटचे आहेत. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर दोघींची ओळ वेगवेगळी छापलेली असते. डेंग्यूत दोन्ही कमी होतात म्हणून हा घोळ खपून जातो, पण तुमच्या घरच्या कहाणीत याच घोळामुळे एक चांगली बातमी कोणाला दिसलीच नाही. तिच्याकडे पुढे येते.

त्याआधी शुक्रवार. ताई, तुमच्या सगळ्या कागदांत माझं बोट जिथे थांबलं तो शुक्रवारचा कागद आहे. प्लेटलेट ४६ हजार. शनिवारच्या ३१ हजारांपेक्षा बऱ्याच बऱ्या. तरी मिस्टरांच्या आजारातला सगळ्यात धोक्याचा दिवस शुक्रवार होता, शनिवार नव्हे. ते ज्या आकड्यावरून कळतं, तो कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट या नावाने छापलेला आहे. तुमचा सोमवारचा पीसीव्ही ४१, गुरुवारी ४४, शुक्रवारी ४८.

पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा शंभरात किती. लाल पेशी वाढल्या म्हणून तो वाढत नाही. डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंती काही काळ गळक्या होतात, रक्तातलं पाणी त्यांतून बाहेर झिरपतं, पोटात आणि छातीच्या पोकळीत साचतं. उरलेलं रक्त दाट होतं. चुलीवर वरण आटलं की डाळ जास्त दिसते, तसं. डाळ वाढलेली नसते, पाणी कमी झालेलं असतं. पीसीव्ही सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० टक्के वाढला, तर गळती जोरात आहे असं धरतात. ४१चे २० टक्के म्हणजे ८ आणि थोडं वर, म्हणजे ४९ हा धोक्याचा आकडा. मिस्टर शुक्रवारी दुपारी ४८वर होते.

केसपेपरवर त्याच वेळचं बीपी आहे, १००/७६. तुमच्या दिरांना ते «जरासं कमी» वाटलं असेल. मला त्यातली दरी दिसते. वरचा आणि खालचा आकडा यांत फरक फक्त २४. निरोगी माणसात तो साधारण ४० असतो. डेंग्यूत रक्तातलं पाणी घटलं की वरचा आकडा पडण्याआधी खालचा वर सरकतो आणि दोघं जवळ येतात. फरक २०वर किंवा त्याखाली आला तर तो शॉक, म्हणजे शरीराला रक्त पुरेनासं झालं, मग वरचा आकडा शंभर असो की एकशे दहा. माणूस तोवर बोलत असतो, म्हणून घरच्यांना काही कळत नाही. हात-पाय मात्र गार पडायला लागतात. पोटात जोराचं दुखणं आणि थांबेना अशा उलट्या ही त्याच गळतीची घंटा होती. ती ऐकून तुम्ही दुपारीच दवाखाना गाठलात. संध्याकाळी ताप नाही म्हणून घरीच थांबला असतात, तर हे पत्र वेगळं असतं.

आणि ताप त्याच पहाटे उतरला होता, हा योगायोग नव्हे. डेंग्यूत गळतीचा काळ बहुधा ताप उतरायच्या सुमारास सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि २४ ते ४८ तास चालतो. बाकी सगळ्या तापांत «उतरला» म्हणजे सुटलो. गेली कित्येक वर्षं मी या एका शब्दाशी भांडतेय आणि बहुतेक वेळा हरतेय.

शनिवारी काय होतं ते आता पाहा. प्लेटलेट ३१ हजार, सगळ्यांचे पाय लटपटले. पण त्याच कागदावर पीसीव्ही ४३, म्हणजे रक्त पुन्हा पातळ होत होतं. केसपेपरवर बीपी ११०/७०, लघवी नीट. आणि पांढऱ्या पेशी, खऱ्या पांढऱ्या पेशी, गुरुवारी २,३०० होत्या त्या ३,९०० झालेल्या. ही ती चांगली बातमी. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी पडतात आणि आधीच सावरतात, प्लेटलेट त्यांच्या मागून येतात. डॉक्टरांनी ते पाहिलं असणार. रविवारी प्लेटलेट ४४ हजार, सोमवारी ८२ हजार. एकही पिशवी न देता.

पिशवी का दिली नाही, हा दिरांचा प्रश्न रास्त आहे. तो धुडकावून लावू नका. त्यांनी आपल्या भागात पाहिलंय की पेशी कमी झाल्या, नागपूरला नेलं, पिशव्या लावल्या, माणूस वाचला. अशा गोष्टीत एक तपशील सुटतो. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट आपोआपच वर यायला लागतात, आणि लोक नागपूरला पोहोचतात ते नेमके सहाव्या-सातव्या दिवशी. पपईच्या पानांच्या रसाचंही तेच. सहाव्या दिवशी पाजला, आठव्या दिवशी पेशी वाढल्या, श्रेय पपईला. तो कडू रस पिऊन उलट्या झाल्या तर आणखी पंचाईत, कारण मग उलटी रसाची की गळतीची हे डॉक्टरांना सांगता येत नाही.

एक साधी पिशवी मोठ्या माणसाच्या प्लेटलेट पाच ते दहा हजारांनी वाढवते, आणि डेंग्यूत त्या बाहेरून आलेल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होतात. २०१७ साली सिंगापूर आणि मलेशियातल्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, अशा मोठ्या माणसांत अर्ध्यांना पिशव्या दिल्या आणि अर्ध्यांना नुसती काळजी. रक्तस्रावात फरक पडला नाही, उलट पिशव्या दिलेल्यांत अंगावर पित्त उठण्यासारखे त्रास जास्त दिसले. आपल्याकडेही रक्तस्राव नसताना १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा प्लेटलेट देत नाहीत. काळी शी, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, पाळीत अतोनात रक्त असं काही झालं तर गोष्ट वेगळी, मग आकडा ४० हजार असला तरी डॉक्टर पिशवीचा विचार करतात. मिस्टरांना यातलं काही नव्हतं, आणि ३१ म्हणजे १०च्या बराच वर.

सलाईन काढली तीही याच हिशेबाने. गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत रक्तात परत शिरतं. त्यावर वरून बाटल्या चालूच ठेवल्या तर ते पाणी फुप्फुसात उतरून दम लागतो. रविवारी पीसीव्ही ४०वर आला होता. त्या दिवशी सलाईन काढणं हाच उपचार होता. आपल्याकडे बाटली लटकलेली दिसली की नातेवाइकांना धीर येतो, त्यामुळे ती काढणारा डॉक्टर वाईट ठरतो.

पण म्हणून छापलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्याच लॅबची गोष्ट सांगते. एका संध्याकाळी सात-आठ वर्षांची मुलगी आली. शीर सापडेना, रक्त थेंबथेंब आलं, बाटली नीट हलवली गेली नाही. मशीनने प्लेटलेट १९ हजार दाखवल्या. मी थकले होते, तसाच रिपोर्ट सही करून दिला. आईबापांनी रात्री जीप केली आणि मुलीला नागपूरला नेलं. तिथे दुसऱ्या रक्तात १ लाख ३० हजार. माझ्या बाटलीत प्लेटलेटची गाठोडी झाली होती, आणि मशीनला गाठोडं मोजता येत नाही. मुलीला काही झालं नाही, पण त्या बापाने जीपचे पैसे कुठून आणले असतील हे मी कधी विचारायला धजले नाही. त्यानंतर प्लेटलेट एक लाखाच्या खाली दिसल्या की काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मी कागद सोडला नाही. तेलाच्या भिंगाखाली एका दृश्यात सरासरी जितक्या प्लेटलेट दिसतात, त्यांना १५ हजारांनी गुणलं की अंदाज येतो. सरासरी दोन दिसल्या तर तीस हजारांच्या आसपास. तुम्हालाही लॅबमध्ये विचारता येईल, «स्मिअर पाहिला का?» चांगला माणूस या प्रश्नाने चिडत नाही.

शिवाय लॅब बदलली, मशीन बदललं की चार-सहा हजार इकडचे तिकडे होतात. सकाळी ५२ आणि संध्याकाळी ४८ याला «पेशी पडल्या» म्हणू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. आणि कागदावर नुसतं ‘६४’ दिसलं तर घाबरण्याआधी शेजारचं एकक पाहा, तो आकडा हजारांत असतो. ‘०.६४ लाख’ म्हणजेही तेच.

आता गल्लीतले दोघं. आज घरी गेल्यावर पहिलं काम, दोघांच्या घरी कॅलेंडरवर ताप चढला त्या तारखेला गोल करून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत एक सीबीसी होऊ दे, म्हणजे सुरुवातीचा पीसीव्ही हाताशी राहील. तो नसला तर पुढे वाढ कशाशी ताडायची? मिस्टरांच्या डॉक्टरांकडे सोमवारचा ४१ होता म्हणून शुक्रवारच्या ४८चा अर्थ लागला. चौथ्या दिवसापासून ताप उतरून दोन दिवस होईपर्यंत डॉक्टर म्हणतील तसं, बहुधा रोज, सीबीसी करावी लागते. कार्ड पहिल्या पाच दिवसांत केलं तर एनएस-१कडे पाहायचं, नंतर केलं तर आयजीएमकडे. निगेटिव्ह आलं तरी ही मोजणी सोडायची नाही.

आणि पेशी कमी म्हणजे डेंग्यूच, हेही धरून चालू नका. मलेरियातही प्लेटलेट पडतात. स्क्रब टायफसमध्येही पडतात, आणि तो आपल्या विदर्भात आहे. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. गवतात, झुडपांत काम करणाऱ्याला बारीक किडीच्या चाव्यातून तो होतो. काखेत, कमरेला, जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते का ते पाहायला सांगा. ती दुखत नाही, म्हणून माणूस स्वतः सांगत नाही. प्रत्येकात ती असतेच असंही नाही. याला डॉक्सिसायक्लिन नावाचं साधं औषध आहे, वेळेवर मिळालं तर ताप दोन-तीन दिवसांत हटतो. «डेंग्यूला औषध नाही» म्हणत स्क्रबचा रुग्ण घरी निजवून ठेवला तर जीव जाऊ शकतो. मलेरियाची तपासणी आशाताईंकडच्या किटवरही होते, ती दोघांचीही करून घ्या.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढी. अंगदुखीसाठी कमरेत डायक्लोफेनॅकची सुई घेऊ नका, आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनच्या गोळ्याही नकोत. प्लेटलेट कमी असताना त्या रक्तस्राव वाढवतात. गावात डॉक्टर आला की «एक इंजेक्शन मारून द्या» म्हणायची आपली सवय, ती या दिवसांत आवरा. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणारे कोणी असतील तर ती थांबवायची का, हे त्यांनी डॉक्टरांनाच विचारायचं.

नुसतं पाणी पुरत नाही. ताक, भाताची पेज, मिठाचं सरबत, ओआरएस, आंबील, जे पोटात टिकेल ते घोट घोट करून द्या. पुरेसं होतंय की नाही हे मोजायला मशीन लागत नाही. चार-सहा तासांनी लघवी होत असेल आणि ती फार पिवळी नसेल, तर पुरेसं आहे. आठ तास लघवी नाही, पोट सतत दुखतंय, उलटी थांबत नाही, हिरड्यांतून-नाकातून रक्त, शी डांबरासारखी, हात-पाय गार, माणूस चिडचिडा किंवा फार सुस्त, यातलं एकही दिसलं तर पेशी किती आहेत हे न पाहता १०८ बोलवा. हे ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत झालं तर तासभरही थांबू नका. गरोदर बाई, वर्षाच्या आतलं बाळ, साठीपुढचे लोक, मधुमेही आणि सिकलसेलचे रुग्ण यांना सुरुवातीपासूनच डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. सिकलसेल आपल्याकडे कमी नाही. त्यांचा पीसीव्ही मुळातच कमी असतो. त्यांच्यात ३० हा आकडा दाट रक्ताचा असू शकतो आणि कागदावर मात्र «कमी» म्हणून छापला जातो. त्यांचं सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांना आधी दाखवा.

एका गल्लीत तिघं म्हणजे डास तिथेच कुठेतरी निपजतोय. आशाताईंना कळवा, आणि उन्हाळ्यानंतर मागच्या अंगणात ठेवून दिलेल्या कूलरच्या टाक्या आधी उलट्या करा. यवतमाळात काय, वर्ध्यात काय, माझा संशय पहिला कूलरवरच जातो.

दिरांशी बोलायचं असेल तर शुक्रवार आणि शनिवार असे दोन कागद शेजारी ठेवा, आणि प्लेटलेटच्या ओळीवर बोट झाकून पीसीव्हीची ओळ त्यांना वाचायला लावा. ४८ आणि ४३. नागपूरच्या रस्त्यावर शनिवारचे दोन-तीन तास काढायचे की चालू असलेल्या सलाईनवर दवाखान्यातच राहायचं, याचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. त्यांनी पैसे उभे केले होते ते फुकट गेले नाहीत, हेही सांगा. शुक्रवारी रक्तस्राव सुरू झाला असता तर तेच पैसे लागले असते, आणि मग नागपूर गाठणंच बरोबर ठरलं असतं.

मिस्टरांच्या प्लेटलेट रोज तपासणं आता बंद करा. आठवड्याभराने एक सीबीसी पुरे. थकवा दोन-तीन आठवडे राहील, तळहात-तळपाय खाजत असतील तर तेही जाईल. एक लक्षात ठेवा. आयजीएम रक्तात दोन-तीन महिने राहू शकतं. दिवाळीत त्यांना साधी सर्दी-ताप आली आणि कोणी पुन्हा कार्ड केलं, तर ‘एम’ची रेघ उमटेल. तेव्हा हेच कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि या वेळचा ताप कोणत्या तारखेला चढला ते सांगा.